नवातला सहा

गिरगावात खाडिलकर रोडवर पत्रिका छापून घेतली, तरी नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जाते ती जेपीजीच. तिच्यात अक्षरे आणि वेलबुट्टी एकाच चित्रात थिजलेली. समजा, ‘गुरुवार, २६ नोव्हेंबर २०२६’ऐवजी २९ पडले. पांढरा चौकोन चिकटवू नका. खाली गडद होत जाणाऱ्या केशरी रंगावर तो लगेच उठून दिसतो. त्याच ओळीतली शेजारची कोरी जागा उचलून नवावर नव्या लेयरमध्ये ठेवा, कडा दोन-तीन पिक्सेल विरवा. किनार खालच्या लेयरवर अस्पर्श राहते. फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा २०२६ मधलाच सहा कापून आणावा, धूसरपणासकट जुळतो. शेवटी पीएनजी करा. पुन्हा जेपीजी केलीत तर नक्षीच्या बारीक रेषांभोवती डाग वाढतात.