रिटर्न गिफ्टच्या दरयाद्यांबाबत मागणीपत्र

प्रति,
सर्व घाऊक भेटवस्तू विक्रेते

विषय : दर, बदल आणि मुदत यादीत स्पष्ट लिहिण्याबाबत

महोदय,

वाढदिवस आणि लग्नांसाठी तुम्ही विकता त्या खणाच्या पोटल्या आमच्या संघटनेच्या सभासद भगिनी शिवतात. ‘₹४४ पासून, हवे ते नाव छापून, चार दिवसांत’ असे तुमच्या यादीत असते. गिऱ्हाईक त्यावर विसंबते. माल उशिरा पोचला की दंड मात्र शिवणारीच्या मजुरीतून कापला जातो. म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. दर नगसंख्येनुसार लिहावा. नावाच्या छपाईसाठी स्क्रीन बनवावी लागते आणि नग ३० असोत की ३००, तिचा खर्च तेवढाच येतो. समजा, कापड, नाडी, छपाई व शिलाई धरून पोटली ₹४२ ला पडते आणि स्क्रीन ₹६०० ला. लग्नाच्या ३०० नगांवर स्क्रीनचे ₹२ चढतात, म्हणून दर ₹४४. वाढदिवसाच्या ३० नगांवर ₹२० चढतात, म्हणून ₹६२. ‘पासून’ म्हणून फक्त खालचा आकडा छापला की वाढदिवसवाल्याला फसवल्यासारखे वाटते आणि फरक आमच्याकडून मागितला जातो.

२. काय बदलून मिळेल आणि काय नाही, दोन्ही लिहावे. खणाच्या विणलेल्या नक्षीवर बारीक अक्षर उठत नाही. नाव साध्या सुती पट्टीवर छापून ती पट्टी पोटलीवर शिवावी लागते. प्रत्येक पाहुण्याचे वेगळे नाव एका स्क्रीनने छापता येत नाही, त्यासाठी हाताने लिहिलेले लेबल लावावे लागेल व त्याचा दर वेगळा असेल. सगळे नग एकाच रंगात हवे असल्यास तेवढा खण बाजारात आहे का, हे पाहूनच होकार द्यावा.

३. मुदत नावाचा मसुदा लेखी मंजूर झाल्यापासून मोजावी. पट्टी छापून, सुकवून, बाजूची शिवण घालण्याआधी जोडली जाते, त्यामुळे नाव ठरल्याशिवाय शिलाई पुढे सरकत नाही. ३०० नगांचा हिशेब असा : कापड आणणे व कापणे २ दिवस, छपाई व सुकवण २, रोज प्रत्येकी ३० नग शिवणाऱ्या दोघींना ५, तपासणी व बांधणी १. एकूण १० दिवस. चौघी बसवल्या तर शिलाईचे दोन-अडीच दिवस वाचतात, सुकवणीचे वाचत नाहीत. पावसाळ्यात ती लांबतेच.

४. मंजुरीनंतर नाव बदलल्यास नव्या पट्टीचा व स्क्रीनचा खर्च आणि वाढीव दिवस गिऱ्हाइकाच्या खाती जावेत. मंजुरी उशिरा आली तर मजुरीतून कपात करू नये.

या बाबी यादीत येईपर्यंत नाव छापण्याची कामे सभासद तोंडी घेणार नाहीत. नगसंख्या, नाव आणि मंजुरीची तारीख लिहिलेली चिठ्ठी मिळाल्यावरच कापड कापले जाईल.

आपल्या,
संघटनेच्या सभासद