वक्त्यासमोरचा टीव्ही

परिषदेच्या कामात कॉन्फिडन्स मॉनिटर मागितला, की आपल्यातले बरेच जण प्रोजेक्टरच्या लाइनला स्प्लिटर लावून दुसरी वायर स्टेजपुढच्या टीव्हीला देतात. वक्त्याला मागे न वळता स्लाइड दिसते, पण नोट्स दिसत नाहीत. त्यासाठी टीव्हीला प्रोजेक्टरचे नव्हे, लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्याचे चित्र द्यावे लागते.

विंडोजवर पॉवरपॉइंट असेल, तर लॅपटॉपमधून चित्राचे दोन आउटपुट काढा. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र निघत नाही, हे आदल्या दिवशीच तपासलेले बरे. Display settings मध्ये लॅपटॉप आणि टीव्ही Duplicate, तर प्रोजेक्टर Extend ठेवा. मग Slide Show टॅबमधल्या Monitor मध्ये प्रोजेक्टर निवडा आणि Use Presenter View वर टिक करा. ऐनवेळी नोट्सच प्रोजेक्टरवर झळकल्या, तर वायरी उपसू नका. Swap Presenter View and Slide Show हा पर्याय दाबला की अदलाबदल होते. आता टीव्हीवर वक्त्याचा अख्खा डेस्कटॉपच येणार असल्यामुळे नोटिफिकेशन आधी बंद करा.

खरी गोची अक्षरांची आहे. वक्ता टीव्हीपासून पंधरा फुटांवर उभा असेल, तर अक्षर साधारण दीड इंच उंच हवे. 43 इंची टीव्हीच्या पडद्याची उंची जेमतेम 21 इंच, आणि Presenter View त्यातली एक बाजूच नोट्सना देतो. मधली रेघ माउसने ओढून स्लाइड लहान करा, खालच्या A च्या बटणाने अक्षर वाढवा. देवनागरीत वेलांटी-उकारांना वर-खाली जागा लागते, त्यामुळे सहा-सात ओळींपलीकडे काही मावत नाही. वक्त्याला हे आधी सांगा, म्हणजे तो परिच्छेदांऐवजी मुद्दे लिहून आणेल. नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतील, तर पडद्यावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तालमीत एकदा नोट्स उघडल्या, की हे लगेच कळते.

टायमर मात्र पॉवरपॉइंटवर सोडू नये. त्यातले घड्याळ किती वेळ गेला ते दाखवते, किती उरला ते नाही. शिवाय आकडे बारीक. दुसऱ्या लॅपटॉपवरून वेगळ्या लहान स्क्रीनवर उलटी मोजणी द्या आणि तिचा ताबा स्टेज मॅनेजरकडे ठेवा. वीस मिनिटांचे भाषण असेल, तर शेवटच्या पाच मिनिटांत आकडे पिवळे, शेवटच्या मिनिटात लाल. शून्यावर घड्याळ थांबवू नका, जास्तीचा वेळ लाल आकड्यांत पुढे मोजत राहू द्या. थांबलेल्या शून्याकडे वक्ते सहज दुर्लक्ष करतात.

उरले टीव्हीचे. स्टेजच्या कडेला तिरका ठेवा, पहिल्या रांगेत बसून आड येत नाही ना ते पाहा. आवाज बंद, आपोआप बंद होण्याचा टायमर बंद, ब्राइटनेस कमी. नाहीतर वक्त्याच्या हनुवटीखाली निळा उजेड पडतो आणि तो कॅमेऱ्यात येतो.

आयोजक टायमरचा हा दुसरा स्क्रीन फुकटात गृहीत धरतात. पुढच्या कोटेशनमध्ये तो स्क्रीन आणि तो चालवणारा माणूस यांची स्वतंत्र ओळ टाका.