एका जेवणाचे दोनदा पैसे

नवरा-बायको दोघेच घरात, दोघांची नोकरी, आणि तरीही जेवणाचा खर्च आवरत नाही, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. ‘घरी करावे तर वेळ नाही, मागवावे तर महाग, बाहेर जावे तर त्याहून महाग. मग स्वस्त नेमके काय?’ असा तो प्रश्न असतो. यावेळी आम्ही एका जोडप्याचा हिशेब त्यांच्या परवानगीने वाचकांपुढे मांडत आहोत. पुण्यात कोंढव्याला राहणारे हे दोघे. सासू-सासऱ्यांच्या घराजवळच, पण वेगळे बिऱ्हाड करायचे म्हणून त्यांना 60 हजार रुपये अनामत जमवायची होती. वर्ष गेले, अनामत काही जमली नाही, आणि दोष कोणाचा यावरून घरात शब्दाला शब्द लागू लागला. तो म्हणे, तू बाजार जास्त आणतेस. ती म्हणे, तू मोबाईलवर मागवतोस.

आम्ही त्यांना भांडण बाजूला ठेवून दोन आठवडे एक साधी वही ठेवायला सांगितली. त्यात तीन रकाने. पहिल्यात रात्री काय जेवलो, दुसऱ्यात त्याला किती पैसे लागले. तिसरा रकाना मात्र कोणी सहसा ठेवत नाही: त्या रात्री घरात असे काय पडून होते, ज्याचे जेवण झाले असते?

त्यातला एक आठवडा असा होता. घरचा बाजार, म्हणजे भाजी, चिकन, अंडी, दूध-दही आणि किराण्याचा आठवड्याचा वाटा मिळून 1,900 रुपये. तीन वेळा घरी मागवले, त्याचे 1,606. रविवारी दोघे हॉटेलात जेवले, त्याचे 870. एकूण 4,376 रुपये. डोळे उघडले ते तिसऱ्या रकान्याने. मागवलेल्या तिन्ही रात्री घरात चिकन, भाजी किंवा अंडी होतीच. रविवारचा बाजार सात रात्रींचा होता आणि चूल पेटली होती फक्त तीन रात्री.

शनिवारी त्यांनी फ्रीजमधून टाकायच्या वस्तू एका वर्तमानपत्रावर काढून ठेवल्या. वास मारू लागलेले 300 ग्रॅम चिकन, पाव किलो चिकट झालेली भेंडी, पालकाची जुडी, काळी पडलेली कोथिंबीर आणि पुदिना, आंबट झालेले दही, मऊ पडलेले टोमॅटो, अर्धा पाव. भावाप्रमाणे मोजले तर 203 रुपयांचा माल. म्हणजे बुधवारची बिर्याणी जेवढ्याला पडली असे त्यांना वाटत होते, तेवढ्याला ती पडलीच नव्हती. तिच्या किमतीत त्या दिवशी न शिजवलेले चिकनही धरायला हवे होते. एकाच जेवणाचे पैसे दोनदा गेले होते, एकदा ॲपवाल्याला आणि एकदा कसायाला.

आता त्या बुधवारचे बिल पाहू. चिकन बिर्याणीच्या दोन प्लेट, ॲपवर 250 रुपयांना एक, म्हणजे 500. वर पॅकिंगचे 30, त्यावर पाच टक्के जीएसटी, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी मिळून 49, आणि त्या फीवरचा वेगळा कर. सगळे मिळून 614 रुपये झाले असते. पण 600च्या वर ऑर्डर गेली तर 100 रुपये सूट होती, म्हणून 140 रुपयांचे कबाब जोडले. बिल झाले 656. सूट मिळाली खरी, पण खिशातून 42 रुपये जास्तच गेले आणि कबाब दुसऱ्या दिवशी थंड पडून राहिले. कूपन वापरताना एवढेच पाहावे: ते न वापरता जे मागवणार होतो त्याचे बिल किती होते? नवे बिल त्याहून कमी असेल तरच ती सूट.

तीच बिर्याणी हॉटेलच्या गल्ल्यावर 210 रुपयांना होती. ॲपवर हॉटेलांना कमिशन द्यावे लागते, त्यामुळे अनेक ठिकाणी तिथले भाव गल्ल्यावरच्या भावाहून चढे असतात. नवरा कामावरून येताना त्याच रस्त्याने येतो. त्याने स्वतः पार्सल आणले असते तर करासह 441 रुपये लागले असते. म्हणजे बाहेर जेवणे, मागवणे आणि घरी करणे या तीन वाटांखेरीज चौथी वाटही आहे, स्वतः पार्सल आणण्याची. फक्त चालत किंवा येता-जाता मिळत असेल तेव्हाच ती परवडते. मुद्दाम गाडी काढून पाच-सहा किलोमीटर गेलात तर पेट्रोल आणि वेळ यांत फायदा उरत नाही.

मग हीच बिर्याणी घरी केली असती तर? अर्धा किलो चिकन 130 रुपयांचे, पाव किलो बासमती, दही, कांदे, पुदिना-कोथिंबीर, मसाला, तूप-तेल आणि गॅस धरून सुमारे 280 रुपये. यात दोघांचे पोटभर जेवण आणि एक डबा निघतो. पार्सलपेक्षा 160 रुपये वाचले, पण कांदा तळणे, मुरवणे, तांदूळ अर्धा शिजवणे आणि दम देणे यात दीड-दोन तास जातात. कामावरून साडेआठला आलेल्या माणसाने हे करावे असे आम्ही म्हणणार नाही. दोघांसाठी बिर्याणी विकत आणण्यात काही वावगे नाही. पाहुणे येऊन आठ जण जेवणार असतील तेव्हा गणित उलटते. कष्ट थोडेच वाढतात आणि हॉटेलचे बिल मात्र चौपट होते. तेव्हा देग घरचीच.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. विकतच्या बिर्याणीची तुलना ते घरच्या बिर्याणीशी करतात आणि ‘फरक फार नाही’ म्हणून मोबाईल उचलतात. पण थकलेल्या बुधवारी घरी बिर्याणी होणारच नव्हती. झाले असते ते अंड्याचे सालन. चार अंडी, कांदा-टोमॅटो, तेल-मसाला, सहा चपात्या आणि गॅस, सगळे मिळून 80 रुपयांच्या आसपास. खरी तुलना 656 आणि 80 यांची आहे.

तरीही ते सालन झाले नाही, कारण घरात अंडी होती, कांदे होते, पण सगळे कच्चे होते. कांदा चिरून, लाल करून, टोमॅटो शिजून तेल सुटेपर्यंत अर्धा तास तिथेच जातो. थकलेला माणूस पदार्थाला भीत नाही, त्या पहिल्या अर्ध्या तासाला भितो. म्हणून आम्ही त्यांना सुचवले की मालाचा ढीग कमी करा आणि थोडा माल अर्धा तयार करून ठेवा.

रविवारी सकाळी दोघे मिळून तासभर देतात. एक किलो कांदा आणि अर्धा किलो टोमॅटो, आले-लसूण घालून, तेल सुटेपर्यंत परततात. त्याचे चार भाग करतात. दोन फ्रीजमध्ये, ते तीन-चार दिवसांत संपवायचे. दोन फ्रीजरमध्ये. अर्धा किलो चिकन कीमा हळद, मीठ, आले-लसूण घालून कोरडा शिजवतात आणि गार झाला की दोन पिशव्यांत भरून हाताने चपटा करून फ्रीजरला लावतात. चपटी पिशवी पाण्यात ठेवली की लवकर सुटते. गोळा करून ठेवलेला कीमा तासभर दगडच राहतो. कच्चा कीमा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये, तो अख्ख्या तुकड्यांपेक्षा लवकर खराब होतो. वीज बराच वेळ जाऊन फ्रीजरमधला कच्चा माल पूर्ण सुटून कोमट झाला तर तो टाकावा, पुन्हा गोठवू नये. उरलेला भातही रात्रभर ओट्यावर न ठेवता गार होताच फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा.

आता मसाला तयार असला की अंडी उकडेपर्यंत सालन होते. कीमा-मटार किंवा कीमा-पाव वीस-पंचवीस मिनिटांत. कामाची वाटणीही ठरली. जो आधी घरी पोचेल त्याने पिशवी बाहेर काढायची आणि कणीक भिजवायची. तो तिच्या तासभर आधी येतो, म्हणून बहुतेक दिवशी हे काम त्याचेच असते. घरचे जेवण ‘स्वस्त’ म्हणताना बाईचे दोन तास फुकट धरले तर तो हिशेब खोटा असतो आणि फार दिवस टिकतही नाही.

बाजाराचा नियमही बदलला. मागच्या दोन आठवड्यांत खरोखर किती रात्री चूल पेटली ते मोजायचे आणि रविवारी त्याहून एका रात्रीचा जास्त बाजार आणायचा नाही. कमी पडले तर बुधवारी कोपऱ्यावरून पाव किलो भाजी आणायची. नग थोडे महाग पडतात, पण सडणाऱ्या जुडीपेक्षा स्वस्तच. कसोटी सोपी आहे. शनिवारी फ्रीज उघडून पाहावा. आणलेल्या भाजीचा तिसरा हिस्सा अजून तिथेच असेल तर पुढचा बाजार तेवढाच कमी करावा.

हॉटेल मात्र आम्ही बंद करायला सांगितले नाही. आठवडाभर राबणाऱ्या दोघांना एकमेकांसमोर निवांत बसायला तेवढीच जागा. फक्त त्या 870च्या बिलात दोन थंड पेये आणि बाटलीबंद पाणी करासह 168 रुपयांचे होते. तेवढे वगळले, बिल 702 झाले. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावलेला असेल तर तो ऐच्छिक असतो हेही लक्षात ठेवावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलला तो आपोआप जोडता येत नाही. नम्रपणे काढायला सांगता येतो. जीएसटीचे तसे नाही, तो द्यावाच लागतो.

बदललेल्या आठवड्यात पाच रात्री घरी, शुक्रवारी पार्सलची बिर्याणी, रविवारी हॉटेल. बाजार 1,700, पार्सल 441, हॉटेल 702, एकूण 2,843. पहिल्यापेक्षा 1,533 रुपये कमी. असेच चाळीस आठवडे गेले तर अनामतीची रक्कम उभी राहते. सगळे आठवडे असे जाणार नाहीत. कधी पाहुणे येतील, कधी कोणी आजारी पडेल, रमजानमध्ये तर सगळे वेळापत्रकच बदलेल. मागवायची वेळ आलीच तर मागवावे, पण त्या रात्रीचा माल त्याच वेळी फ्रीजरमध्ये टाकावा किंवा सकाळच्या डब्यात घ्यावा, म्हणजे त्याचे पैसे वाया जात नाहीत.

भाव शहरागणिक वेगळे असतील, तुमचे आकडे तुम्हीच मांडा. वहीचा तिसरा रकाना मात्र कोणत्याही घरात तसाच चालतो. त्या दोघांच्या वहीत आता त्या रकान्यात बहुतेक रात्री एकच शब्द असतो: ‘काही नाही’. म्हणजे आणलेले खाल्ले गेले, आणि भांडायला विषयही उरला नाही.