‘देवीच’ कुठे गेली?

‘लेख मराठीत लिही, पण पत्ता रोमनमध्ये दे. नाहीतर लिंक पाठवली की टक्क्यांची माळ लागते.’ हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की तो नियमच असावा असं वाटू लागलं होतं. मला तो मान्य नाही.

आधी माळेबद्दल. जाळ्यावरच्या पत्त्यात देवनागरी तशीच प्रवास करत नाही. प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांचे तीन-तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह व दोन अंक-अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. नुसता ‘ट’ असा दिसतो:

```
%E0%A4%9F
```

ब्राउझर पट्टीत ‘टेंभी-नाका’ दाखवतो, पण कॉपी केलं की बहुधा हेच रूप हाती येतं. दिसायला भयंकर, पण लिंक शाबूत असते. खरा घात वेगळीकडे होतो.

वर्डप्रेसमध्ये स्लगला २०० जागा असतात आणि त्या या टक्क्यांच्या रूपात मोजल्या जातात. इंग्रजीला त्यात भलंमोठं वाक्य मावतं. आपल्याला जेमतेम बावीस चिन्हं. आता ‘टेंभी नाक्यावरच्या देवीची मिरवणूक’ असं शीर्षक घ्या. ‘टेंभी’ची पाच चिन्हं, ‘नाक्यावरच्या’ची बारा, दोन जोडरेघा: झाल्या १५५ जागा. उरल्या पंचेचाळीस, म्हणजे पाच चिन्हं. आपोआप तयार होणारा स्लग असा:

```
टेंभी-नाक्यावरच्या-देवीच
```

मिरवणूक गेलीच, ‘ची’ची वेलांटीही गेली. लिंक चालते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आणि दोष मात्र लिपीला!

रोमनवाले म्हणतील, बघ, सांगत होतो. पण `tembhi` वाचून ‘टेंभी’ की ‘तेंभी’ हे कळायला माणूस ठाण्याचाच हवा. `nakyavarchya` तर ठाणेकरालाही अडखळत वाचावं लागेल. मराठी विकिपीडियाच्या लेखांचे पत्ते देवनागरीतच आहेत आणि लोक त्यांच्या लिंका रोज पाठवतात.

उपाय साधा आहे. प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने लिहायचा. विभक्ती, ‘च्या’ गाळायचे; जोडाक्षरातला हलन्तही नऊ जागा खातो. ‘टेंभी-नाका-मिरवणूक’ची सोळा चिन्हं, १४६ जागा. काही तुटत नाही, अर्थही राहतो. नंतर मात्र तो बदलू नये, जुन्या लिंका मरण्याचा धोका असतो.

निरोपात माळ नकोच असेल तर वर्डप्रेसचा `?p=` आणि लेखाचा क्रमांक असा छोटा पत्ता पाठवावा. तो उघडला की वाचक मराठी पत्त्यावरच पोचतो. कागदावर छापायलाही तोच बरा, हे मी कबूल करतो. आणि लिंक उघडत नसेल तर तिच्यात `%25E0` आहे का बघावं. असेल तर वाटेत कुणीतरी टक्क्याच्या चिन्हालाच पुन्हा टक्क्यांत बदललंय. प्रत्येक `%25` च्या जागी नुसतं `%` ठेवलं की लेख उघडतो.