जाळरेषा काढली, पण झाडली कोणी?

दरवर्षी मार्चमध्ये एक बातमी मी लिहितो. मथळा तोच असतो, फक्त गावाचं नाव बदलतं : "जंगलात वणवा, लाखोंची वनसंपदा खाक". खाली वनाधिकाऱ्यांचं ठरलेलं वाक्य, "मोहफूल वेचणाऱ्यांनी आग लावल्याचा संशय". झाली बातमी. वीस वर्षं हेच लिहितोय. आता मलाच त्याची लाज वाटायला लागली आहे, म्हणून यंदा बातमी नाही, ही पोस्ट.

गेल्या मार्चमधली गोष्ट सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना पुन्हा चौकशीला बोलावलेलं मला नकोय. आमच्या गावापासून अठरा किलोमीटर, पूर्व विदर्भातलं नेहमीचं जंगलालगतचं गाव. एका बाजूला धानाची बांधी, दुसऱ्या बाजूला साग, ऐन, मोह, तेंदू. गाव आणि जंगल यांच्या मधून सहा मीटर रुंदीची जाळरेषा गेलेली. जानेवारीत काढलेली, मोजमाप झालेलं, बिल निघालेलं.

दुपारी दोनच्या सुमारास आत कुठेतरी धूर दिसला. साडेतीनला आग रेषेपर्यंत आली. आणि रेषेवर थांबली? नाही. सहा मीटर रुंद रेषा ती अशी ओलांडून आली जशी ती तिथे नव्हतीच. एका घराचं तणसाचं ढीग, दोन काट्यांची कुंपणं, एका गोठ्याचं छप्पर गेलं. बैल सुटे होते म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी मी रेषेवर चालत गेलो. न जळलेल्या टोकाला घोट्याएवढा पाला होता. सागाची ताटाएवढी पानं, कुरकुरीत वाळलेली. सोबतच्या म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, रेषा काढली होती ना? ते म्हणाले, "काढली ना जी. पन झाड का तुमाले विचारून पानं गाळते?"

सगळा विषय या एका वाक्यात आहे.

जाळरेषा म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांसाठी थोडक्यात. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की ठरावीक रुंदीच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा आधी साफ कापायच्या. कापलेलं गवत पट्ट्याच्या मधे ओढायचं. ते वाळू द्यायचं. मग वारा पडलेला असताना, संध्याकाळी किंवा पहाटे दव असताना, दोन्ही कडांना हातात ओल्या फांद्या घेऊन माणसं उभी करून मधला पट्टा जाळायचा. म्हणजे आपणच, आपल्या वेळेला, आपल्या ताब्यात थोडं जाळायचं, म्हणजे मार्चमध्ये आलेल्या आगीला तिथे खायला काही मिळत नाही. हे काम १५ फेब्रुवारीच्या आत संपायला हवं, कारण तिथून १५ जूनपर्यंत वणव्याचा हंगाम धरला जातो.

इथपर्यंत कागद बरोबर आहे. पण आमच्या जंगलातली पानगळ काही जानेवारीत संपत नाही. साग गळत राहतो, मोह तर फुलायच्या आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो. म्हणजे जानेवारीत लख्ख काढलेली रेषा मार्चच्या मध्याला पुन्हा पाल्याने भरते. नुसती भरत नाही, दोन्ही बाजूंच्या जंगलाला जोडणारी वात होते. रेषा हे एकदा करून सोडायचं काम नाही. ती आठवड्याला झाडावी लागते, जशी आपण अंगण झाडतो तशी. खराटा, दाताळं, फार तर पाठीवरचं हवा मारणारं ब्लोअर मशीन. यात कुठलंही मोठं तंत्रज्ञान नाही.

मग ती झाडली का जात नाही? कारण बिल रेषा काढण्याचं निघतं. मोजमाप पुस्तिकेत लांबी येते, रुंदी येते. २० मार्चला त्या रेषेवर पाला किती होता, हा रकानाच नसतो. साहेब, आग मोजमाप पुस्तिका वाचून येत नाही.

आता दुसरी बाजू. कारण फक्त खात्याला शिव्या घालून लाइक मिळवणं सोपं आहे.

मोहाखाली आग लावली जाते, हे खरं आहे. मी नाकारणार नाही. मोहफूल रात्रीतून, पहाटे गळतं. पिवळट, मळकट पांढरं. खाली त्याच रंगाचा वाळका पाला. एका झाडाखाली वाकून पाल्यातून फूल शोधायचं तर बाईची कंबर मोडते. म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो. सकाळी वारा नसतो, आग हळूहळू सरकते, विझल्यासारखी दिसते. बाई टोपली घेऊन घरी जाते. दुपारी वारा सुटतो आणि बुंध्याजवळ किंवा एखाद्या पडक्या ओंडक्यात धुमसत राहिलेला निखारा पुन्हा उठतो. बहुतेक वेळा "आग लावली" म्हणजे इतकंच असतं. लावणाऱ्याला वणवा नको होता, त्याला स्वच्छ जमीन हवी होती.

तेंदूचंही तसंच. आग गेली की झुडपाला नवी कोवळी पानं फुटतात, हे खोटं नाही. गवतही हिरवं येतं. पण तेंदूची झुडपं फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडातून छाटली तरी तशीच पानं दीड महिन्यात येतात. फरक इतकाच, की छाटायला मजुरी लागते आणि काडी फुकट असते. त्या फुकटाची किंमत म्हणजे मोहाची रोपं. आमच्या भागात म्हातारे मोह पुष्कळ दिसतील, गुडघ्याएवढा मोह शोधून दाखवा. दरवर्षीच्या आगीत तो जगतच नाही. ज्या झाडावर घर चालतं त्याची पुढची पिढी आपणच भाजतोय, हे गावात कोणीतरी स्पष्ट बोललं पाहिजे. मी बोलतोय.

यावर उपाय "जनजागृती रॅली" नाही. झाडाच्या घेराखालचा पाला झाडून गोल साफ करायचा. पाला पेटवायचा नाही, तो बांधीत खताला टाकायचा. किंवा झाडाखाली जाळी, जुनं लुगडं, ताडपत्री पसरायची. फूल मातीत पडत नाही, साफ राहतं, वेचायला वाकावं लागत नाही. पोस्टर आणि टोप्यांवर जो खर्च होतो, त्यात गावातल्या किती मोहांना जाळी येईल, हा हिशेब एखाद्या साहेबांनी करून बघावा.

आता तिसरा मुद्दा. माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि यावरच सगळे गप्प असतात.

त्या दिवशी धूर दोनला दिसला. पहिला फोन चार वाजता गेला. दोन तास! का? मी चार जणांना विचारलं, चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं : जो फोन करतो त्यालाच आधी विचारतात, तू तिथे काय करत होतास? भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये राखीव जंगलात आग लावणं हा कलम २६ खाली गुन्हा आहे, असायलाच हवा. पण त्याच कायद्याचं कलम ७९ सांगतं की जंगलात हक्क असणाऱ्याने आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. हे बंधन वनोपज काढायची परवानगी मिळालेल्यावर आणि त्याच्या माणसांवरही आहे. म्हणजे तेंदूच्या ठेकेदारावरसुद्धा. गावकऱ्याला कलम २६ सगळे ऐकवतात. ठेकेदाराला ७९ ऐकवलेलं मी आजवर पाहिलं नाही. आणि खबर देणाऱ्यालाच संशयित धरायचं, असं दोन्हीपैकी कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

"आता सॅटेलाइट आहे, लगेच कळतं," असं एका बैठकीत मला ऐकवलं गेलं. सॅटेलाइट आहे, चांगलीच गोष्ट आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था अलर्ट पाठवते, ते बीटच्या वनरक्षकाच्या मोबाइलपर्यंत येतात. पण ज्या उपग्रहांवरून बारकाईने आग दिसते, ते आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात. दुपारी दोनला लागलेली आग त्यांना दिसायची तर रात्र उजाडते. त्यांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर पावणेचारशे मीटरचा चौकोन. त्या गावातला अलर्ट मध्यरात्रीनंतर आला, तेव्हा लोक आग विझवून, तोंड धुऊन झोपले होते. पहिल्या तासात आग पाहणारं यंत्र एकच आहे, गावातल्या माणसाचा डोळा. आणि त्यालाच आपण घाबरवून ठेवलंय.

फोन १९२६ वर करायचा, टोल फ्री आहे. सोबत आपल्या वनरक्षकालाही. नुसतं "जंगलात आग लागली" म्हणून उपयोग नाही. कक्ष क्रमांक सांगा, तो हद्दीच्या दगडावर किंवा पाटीवर असतो. धूर गावाच्या कुठल्या दिशेला, वारा कुठून कुठे, आणि गाडी कुठल्या रस्त्याने जवळ येईल. इतकं सांगितलं तर गाडी चुकीच्या बाजूला जाऊन तास घालवत नाही.

आणि एक सांगून ठेवतो. रेषा झाडलेली असली तरी जोराच्या वाऱ्यात ठिणगी उडून पलीकडे जाते. रेषेलगत वाळलेलं उभं झाड असेल तर ते पेटून निखारे पलीकडे फेकतं. म्हणून अशी झाडं जानेवारीतच वनपालाला दाखवून काढून घ्यायची. रेषा आगीला अडवणारी भिंत नाही, माणसाला उभं राहून आग झोडपायला मिळालेली जागा आहे. चढावर आग खालून वर धावते, तेव्हा आगीच्या वरच्या अंगाला कोणीही जायचं नाही. आणि घराच्या जंगलाकडच्या अंगाला तणस, सरपण, गोवऱ्या रचायच्या नाहीत. त्या दिवशी पेटलं ते आधी तणसच.

तर साहेब, मागण्या तीनच. जाळरेषेचं अर्धं बिल मार्चअखेर रेषा झाडलेली दिसल्यावरच काढा, आणि ती पाहायला ग्रामसभेची दोन माणसं सोबत घ्या. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाच आहे, तुम्ही काही उपकार करत नाही. झाडायची मजुरी गावातल्याच माणसांना द्या. आणि पहिली खबर देणाऱ्याची चौकशी होणार नाही, हे लेखी कळवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

गावातल्या मित्रांनो, या रविवारी आपापल्या रेषेवर जा. पाला किती आहे त्याचा फोटो काढा, कक्ष क्रमांक लिहा आणि खाली कमेंटमध्ये टाका. रेषा स्वच्छ असेल तर तेही टाका, त्या वनरक्षकाचं कौतुक मी स्वतः करेन. नसेल तर फोटो घेऊन सोमवारी मी वनपरिक्षेत्र कार्यालयात जातो. या मार्चमध्ये ती जुनी बातमी मला पुन्हा लिहायची नाही.