खुनी कोण? वहीत मांडावे, तोंडाने फोडू नये



गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, चार दिवस माझा फोन घेतला नाही. चूक माझीच होती. मांडीचे हाड मोडल्यामुळे ती दीड महिना खाटेवर पडून होती, आणि बारावीत शिकणारी तिची नात रोज रात्री तिला मोबाईलवर एक इंग्रजी रहस्यमालिका दाखवीत असे. संवादाच्या पट्ट्या वाचून ती पोरगी मराठीत सांगावयाची. मालिका मीच सुचविली होती. पाचवा भाग पाहून झाल्यावर आक्काने मोठ्या हौसेने आपला संशय कोणावर आहे ते मला सांगितले आणि माझ्या तोंडून निघून गेले, "छे, आक्का, तो नव्हे."

खुन्याचे नाव मी सांगितले नव्हते. पण तीन दिवस विचार करून आक्काने उभे केलेले माणूस मी एका शब्दात खाली पाडले. ती म्हणाली, "आरं, मग आता म्या बघायचं काय?" आणि फोन ठेवला.

आजचा लेख त्या मालिकेविषयी, आणि अशी मालिका कशी पाहावी याविषयी आहे. आमच्या पिढीने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचल्या. पुढे दूरदर्शनवर १९८५ साली करमचंद आणि १९९३ साली ब्योमकेश बक्षी आले. तेथे गुन्हा बहुधा त्याच बैठकीत उलगडत असे, म्हणून लक्षात ठेवण्याचे ओझे नव्हते. हल्लीच्या कित्येक मालिकांत एकच खून सगळे भाग पुरतो. पहिल्या भागात दिसलेली वस्तू सहाव्या भागात कामास येते, आणि तोपर्यंत आपण ती विसरलेलो असतो.

आम्ही पाहिली ती 'ब्रॉडचर्च'. ख्रिस चिबनॉल यांनी लिहिलेली ही मालिका इंग्लंडमध्ये आयटीव्ही वाहिनीवर ४ मार्च ते २२ एप्रिल २०१३ या काळात दर सोमवारी एक, असे आठ भाग दाखविली गेली. दक्षिण किनाऱ्यावरील एका लहान गावात डॅनी लॅटिमर नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाचे प्रेत कड्याखालच्या वाळूत सापडते. तपास दोघांकडे असतो. अॅलेक हार्डी हा नुकताच बाहेरून आलेला अधिकारी (डेव्हिड टेनंट), आणि एली मिलर ही त्याच गावची, मेलेल्या मुलाच्या घरी येणे-जाणे असलेली बाई (ऑलिव्हिया कोलमन). उत्तर फुटू नये म्हणून बहुतेक नटांनाही चित्रीकरणाच्या अखेरीपर्यंत खुनी कोण ते सांगितले नव्हते.

मी येथे पहिल्या दोन भागांच्या पुढचे काहीही लिहिणार नाही. ज्यांना तेवढेही नको असेल त्यांनी येथेच थांबून आधी दोन भाग पाहावेत. लेख कोठे पळून जात नाही.

वहीचे पहिले पान संशयितांचे नसावे, मेलेल्याचे असावे. त्याच्या अखेरच्या रात्रीचा आणि सकाळचा हिशेब तेथे लिहावा. डॅनीच्या बाबतीत तो असा. तो सकाळी वर्तमानपत्रे टाकावयास गेला असेल असे आई धरून चालते. शाळेच्या खेळांच्या दिवशी ती तेथे जाते, तर तो शाळेत आलेलाच नाही. वर्तमानपत्रांचा दुकानदार म्हणतो की तो आज कामावरही आला नाही. मग रस्त्यावरच्या कॅमेऱ्यात तो रात्रीच्या वेळी चाके लावलेल्या फळीवरून, म्हणजे स्केटबोर्डवरून, एकटा जाताना दिसतो. म्हणजे 'सकाळी घरातून गेला' ही पहिली ओळ खोडावी लागते आणि खुनाची वेळ रात्रीत सरकते. ही एक ओळ बदलली की गावातल्या प्रत्येक माणसाला विचारण्याचा प्रश्नच बदलतो. सकाळी कोठे होतास, हा प्रश्न जातो आणि रात्री कोठे होतास, हा येतो.

त्याच पानावर खाली दोन याद्या कराव्यात. एक, जे असावयास हवे होते आणि नाही: त्याचा मोबाईल आणि ती चाकांची फळी. दुसरी, जे नसावयास हवे होते आणि आहे: त्याच्या खोलीत लपवून ठेवलेले पाचशे पौंड. पेपर टाकणाऱ्या पोराजवळ एवढी रक्कम कोठून आली? शिवाय मुलगा कड्यावरून पडला असे भासविण्याचा कोणीतरी प्रयत्न केला आहे, हे हार्डीच्या ध्यानात येते. म्हणजे खून करणाऱ्याने नंतर थांबून विचारही केला. आक्का या पानाला 'घरची उतरंड' म्हणत असे. कोणते मडके कोठून हलले ते पाहावयाचे.

त्यानंतर माणसे. पहिल्या भागाच्या आरंभी मुलाचा बाप मार्क कामावर निघतो आणि गावाच्या मुख्य रस्त्याने चालत जाता जाता एकेकाला रामराम करतो. कॅमेरा त्याच्या मागोमाग अखंड फिरतो. पाहणाऱ्याला वाटते, गाव कसे मायाळू आहे ते दाखवीत आहेत. वास्तविक लेखक आपल्यापुढे माणसांची हजेरी घेत असतो. हा तुकडा दोनदा पाहावा आणि दिसेल त्या प्रत्येकाला अर्धे पान द्यावे. चांगल्या रहस्यमालिकेत खुनी शेवटच्या भागात नव्याने आणीत नाहीत, तो आधीपासून आपल्यासमोर वावरत असतो. तसे केले नाही तर प्रेक्षक फसविल्याची तक्रार करतात, आणि ती रास्त असते.

प्रत्येकाच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे आपण डोळ्यांनी पाहिले ते, उजवीकडे कोणीतरी सांगितले ते. आमच्या खात्यात शेतावर पाहणीस गेल्यावर हाच नियम असे, आणि नव्या पोरांचा गोंधळ येथेच होई. 'दुकानदार म्हणाला की मुलगा आला नाही' ही उजवीकडची नोंद आहे. 'मुलगा कॅमेऱ्यात दिसला' ही डावीकडची. डॅनीचा जिवलग मित्र टॉम हा एली मिलर हिचाच मुलगा. मित्र गेल्याचे कळल्यावर तो आपल्या फोनमधले निरोप पुसून टाकतो. हे आपण पाहतो, तपास करणारी त्याची आई पाहत नाही. म्हणून ही नोंद डावीकडे लिहून तिच्यापुढे 'पोलिसांना ठाऊक नाही' असा शेरा मारावा. कोणाला काय ठाऊक आहे, यावर अशा मालिकेचा निम्मा ताण उभा असतो.

आता चकव्याविषयी. मार्क त्या रात्री कोठे होता याचे सरळ उत्तर देत नाही. पाहणारा तत्काळ त्याच्या नावाखाली रेघ मारतो. पण खोटे बोलणे आणि खून करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या प्रकारच्या मालिकेची रचनाच अशी असते की गावातल्या जवळजवळ प्रत्येकाजवळ झाकून ठेवण्यासारखे काही ना काही असते: कोणाचे पैसे, कोणाचे जुने प्रकरण, कोणाची लाज. एकेका भागात एकेकाचे झाकण निघते. तेव्हा संशयिताच्या पानावर दोन प्रश्न वेगवेगळे लिहावेत. तो खोटे का बोलला, याचा उलगडा झाला काय? आणि त्या रात्री तो कोठे होता, हे ज्याला खोटे बोलण्याचे कारण नाही अशा कोणी सांगितले काय? पहिल्याचे उत्तर मिळाले की आपण समाधान पावून माणूस खोडून टाकतो आणि दुसरा प्रश्न तसाच राहतो. दोन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय नाव खोडू नये, आणि खोडले तरी पेन्सिलीने.

आणखी एक ओळखीची खूण. एखाद्यावर चौथ्या-पाचव्या भागातच सगळे पुरावे एकदम येऊन पडले, तर भाग अजून किती उरले ते पाहावे. मात्र ही खूण मालिकेच्या लांबीची आहे, गुन्ह्याची नव्हे. प्रसिद्ध नट लहान कामात आहे म्हणून तोच खुनी असणार, हाही तर्क त्याच जातीचा. मी असे तर्क वहीत लिहीत नाही. बरोबर आला तरी त्यात गंमत नाही.

वही कितीही नीट ठेवली तरी एका ठिकाणी इलाज नसतो. २००७ साली डेन्मार्कमध्ये 'फोरब्रीडेल्सन' ही मालिका आली. वीस भाग, आणि एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. हिशेब ठेवावयास याहून सोपे काही नाही. तिच्यावरून अमेरिकेत २०११ साली 'द किलिंग' काढली. तेरा भाग संपले आणि खुनी कोण ते सांगितलेच नाही! उत्तर पुढच्या वर्षी, दुसऱ्या मालिकेच्या अखेरीस दिले. लोक भयंकर चिडले. म्हणून सुरुवात करण्यापूर्वी एवढेच विचारून घ्यावे की उत्तर याच मालिकेत मिळते काय. 'ब्रॉडचर्च'मध्ये आठव्या भागात मिळते.

राहिली गुपित सांभाळण्याची गोष्ट. इंग्लंडमध्ये २०१३ साली सगळा देश सोमवारी एकच भाग पाहत होता, म्हणून मंगळवारी सगळे एकाच ठिकाणी उभे असत. आता आठही भाग एकदम हाताशी असतात आणि एका घरातही कोणी दुसऱ्यावर, कोणी सातव्यावर असतो. आमच्या घरी आता रीत अशी आहे की बोलणाऱ्याने आधी समोरच्याचा भाग विचारावयाचा आणि त्याच्या पुढचे काही माहीत असल्यास फक्त ऐकावयाचे. नाव सांगणे एवढाच गुन्हा नाही. 'तो नव्हे', 'तिसरा भाग नीट पाहा', 'तुला धक्का बसेल', आणि अर्थपूर्ण हसून गप्प बसणे, या सगळ्यांनी सारखेच नुकसान होते. पुढचे पाहिलेल्याने एकच प्रश्न विचारावा: "असे तुला कशावरून वाटले?" मात्र तो बरोबर तर्कालाही विचारावा आणि चुकीच्यालाही, नाहीतर त्या प्रश्नाचाच अर्थ लावला जातो.

मोबाईलपासूनही जपावे. पात्राचे नाव शोधावयास टाकले की पुढचे शब्द फोन आपणहून सुचवितो, आणि त्यात 'खुनी' आला की संपले. 'ब्रॉडचर्च'ची दुसरी मालिका २०१५ साली आली. तिची दोन ओळींची ओळख पहिली पूर्ण होण्यापूर्वी वाचू नये, कारण तिची सुरुवातच पहिलीच्या उत्तरावर आहे. नातीने बोट चुकून तेथे लावले होते, पण सुदैवाने आक्काला इंग्रजी येत नाही, आणि पोरगी दोन दिवस तोंड शिवून बसली. माझ्यापेक्षा शहाणी निघाली.

पाचव्या दिवशी आक्काचा फोन आला. दुधाच्या रतीबाच्या जुन्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर तिने नातीकडून सगळे पुन्हा लिहून घेतले होते. मी नाकारलेले नाव तिने खोडले नव्हते. "तू सांगितलंस ते उजवीकडं लिवलंय," ती म्हणाली. "तुजं ऐकीव. म्या डोळ्यांनी बघितल्याबिगर खोडत न्हाई." शेवटचे तीन भाग तिने रोज एक याप्रमाणे पाहिले. आठवा संपल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही, असे नातीने सांगितले. मग वही मागवून घेतली आणि पहिल्या भागाचे पान उघडून ते पुन्हा वाचून दाखव म्हणाली.