विश्लेषण : उत्तरायण खरेच संक्रांतीला सुरू होते? उत्तर जळगावच्या सावलीत

संक्रांत यंदा १४ जानेवारीला की १५ ला, ही चर्चा दर वर्षी रंगते. त्या दिवसापासून उत्तरायण सुरू होते, हे मात्र बहुतेक जण धरूनच चालतात. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला, म्हणजे तिळगूळ वाटण्याच्या तीन आठवडे आधी. हा फरक कळायला दुर्बीण लागत नाही. जुन्या वेधशाळांतील दगडी यंत्रे जे काम करत, ते खान्देशातल्या शाळेच्या मैदानात एका काठीनेही होते. ते कुणी करत नाही, हा खरा प्रश्न आहे.

पाटण्यात वेधशाळा होती का?

खान्देशात हा विषय निघाला की चाळीसगाव तालुक्यातील पाटणे गावाचे नाव येते. भास्कराचार्यांची वेधशाळा तिथे होती, असे अनेकदा सांगितले जाते. तिथल्या शिलालेखात मात्र वेगळी गोष्ट आहे. शके ११२८ च्या या लेखानुसार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने श्रावणातल्या चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्याला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. त्यात मठ आहे, अध्यापन आहे. दगडी यंत्रे नाहीत.

त्याने पाटण्याचे मोल कमी होत नाही. ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्यांनी यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात गोल, नाडीवलय, शंकू, चक्र अशी यंत्रे सांगितली आणि सर्वांत वरचा मान दिला तो धीयंत्राला. हे धीयंत्र म्हणजे हातातली साधी काठी आणि ती वापरणाऱ्याची बुद्धी. न सापडलेल्या वेधशाळेचा अभिमान बाळगण्यापेक्षा ही काठी हाती घेणे अधिक योग्य.

मग दगडी यंत्रे कुठे आहेत?

खान्देशाला सर्वांत जवळची दगडी वेधशाळा उज्जैनची. जयपूरचे सवाई जयसिंग यांनी ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. धातूची यंत्रे झिजतात, त्यांचे आस ढिले होतात आणि वाचन चुकते, असा अनुभव आल्यावर ते दगड-चुन्याकडे वळले. दगडाचे यंत्र हलत नाही. शिवाय ते मोठे बांधता येते आणि यंत्र मोठे असले की त्यावरचे भागही मोठे, वाचायला सोपे होतात.

तिथल्या नाडीवलयाचे काम पाहण्यासारखे आहे. ही विषुववृत्ताच्या पातळीशी समांतर, तिरकी बसवलेली तबकडी आहे. मार्च ते सप्टेंबर तिच्या उत्तरेकडील बाजूवर ऊन पडते, उरलेले सहा महिने दक्षिणेकडील बाजूवर. ऊन बाजू बदलते तो विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस. कोणतेही गणित न करता वर्षातले दोन दिवस दगड दाखवून देतो. तिथल्या दक्षिणोत्तर भिंतीवर सूर्य माध्यान्ही डोक्यापासून किती अंश कललेला आहे ते मोजता येते.

प्राचीन भारतीय ज्योतिषाची मध्यरेखा उज्जैनवरूनच जात असे आणि जळगाव जवळजवळ त्याच रेषेवर, थेट दक्षिणेला येते. दोन्ही ठिकाणच्या माध्यान्हात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. धुळ्याचा फरक सुमारे चार मिनिटांचा.

जळगावात हे कसे मोजायचे?

सपाट जागेवर एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खूण आणि दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काटकोनात दक्षिणोत्तर रेषा. सावली या रेषेवर आली की माध्यान्ह.

इथे घड्याळावर विसंबले की चूक होते. जळगावात खरे माध्यान्ह बारा वाजता होत नाही. नोव्हेंबरअखेर ते साधारण सव्वाबाराला असते, तर संक्रांतीला बारा वाजून ३७ मिनिटांच्या आसपास.

२१-२२ डिसेंबरला माध्यान्हीची सावली सुमारे ९८ सेंटीमीटर भरते, म्हणजे जवळजवळ काठीएवढी. वर्षातली ही सर्वांत लांब माध्यान्ह-सावली. १४ जानेवारीला ती सुमारे ९१ सेंटीमीटर असते. सूर्य संक्रांतीला वळत असता, तर सर्वांत लांब सावली त्या दिवशी पडायला हवी होती. ती तोवर सात सेंटीमीटरने आखडलेली असते.

नेमका वळण्याचा दिवस पकडणे मात्र अवघड आहे. त्या सुमारास चार दिवसांत सावली जेमतेम दोन मिलिमीटरने बदलते आणि सूर्य बिंदू नसून थाळी असल्यामुळे सावलीची कडच दीड-दोन सेंटीमीटर पुसट असते. त्यावर दोन उपाय आहेत. काठीच्या टोकाला बारीक भोक असलेला पत्रा सूर्याकडे तोंड करून बसवायचा आणि सावलीऐवजी उजेडाच्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत मोजायचे. दुसरा उपाय म्हणजे वळण्याचा दिवस सोडून त्याच्या दोन्ही बाजूंचे समान सावलीचे दिवस शोधायचे. ९१ सेंटीमीटरची सावली २९ नोव्हेंबरच्या सुमारास पडते आणि पुन्हा १४ जानेवारीला. मध्ये ४६ दिवस. त्यांचा मध्य २२ डिसेंबर. सूर्य वळला तो तेव्हा, एखाद्या दिवसाच्या फरकाने.

मग संक्रांत का सरकली?

कारण संक्रांत सावलीवर नाही, ताऱ्यांवर ठरते. सूर्य कोणत्या ताऱ्यांपाशी आहे हे दिवसा दिसत नाही, म्हणून पूर्वी चंद्राची मदत घेतली गेली. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. तो चित्रा नक्षत्राजवळ पूर्ण झाला तर महिना चैत्र, आणि सूर्य आकाशाच्या नेमक्या पलीकडच्या भागात. असे मोजलेले ताऱ्यांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे भरते. वीस मिनिटे किरकोळ वाटतात. पण ७१-७२ वर्षांत त्यांचा पूर्ण दिवस होतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण जवळपास एकत्र होते. आज त्यांच्यात २३-२४ दिवसांचे अंतर आहे आणि ते वाढतच जाणार.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने हे ओळखले होते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंच्या वर्षावर आधारलेली आहे. तिचा पौष २२ डिसेंबरला सुरू होतो. ती सरकारी कागदांवर राहिली, घरातल्या भिंतीवर आली नाही.

आता काय करावे?

संक्रांत हलवण्याची गरज नाही. सण ताऱ्यांच्या गणिताने येतो, तसा येऊ द्यावा. पण ‘आजपासून उत्तरायण’ हे वाक्य शाळेतल्या फलकावर लिहिणे थांबायला हवे, कारण त्याच शाळेच्या अंगणातली सावली ते खोटे ठरवते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळांनी एक कायमचा शंकू रोवावा, जमिनीवर दक्षिणोत्तर रेषा आखावी आणि नोव्हेंबरअखेरपासून संक्रांतीपर्यंत रोजची नोंद वहीत ठेवावी. खर्च एका खांबाचा आणि मोजपट्टीचा. पाटण्याच्या मठात शिकवले जाई ते गणित असे पडताळूनच खरे राहते. ताडून पाहणे थांबले की वीस मिनिटांचे तीन आठवडे होतात.